विश्लेषण : कालप्रवासाच्या कथेत ‘मग तो आणखी मागे का गेला नाही?’ या प्रश्नाचे काय करायचे?

नायक यंत्रात बसतो, भूतकाळात जातो, अपघात टाळतो आणि परत येतो. चित्रपट संपतो, चित्रपटगृहातले दिवे लागतात आणि बाहेर पडताना कोणीतरी विचारतोच : अपघात टळला असेल तर तो टाळायला नायक मागे गेलाच कशाला? आणि एकदा जमले नाही, तर दुसऱ्यांदा का गेला नाही? कालप्रवासाच्या बहुतेक कथा या दोनच प्रश्नांवर अडखळतात. मात्र काही कथा या प्रश्नांना पुरून उरतात, कारण लेखकाने लिहायला बसण्यापूर्वी काही नियम ठरवलेले असतात आणि ते शेवटपर्यंत पाळलेले असतात. हे नियम कोणते, ते कसे ठरवायचे आणि लिहून झालेले कथानक कसे तपासायचे, याचा हा आढावा.

विरोधाभास आणि कच्चा दुवा यांत फरक काय?

हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, पण दोष वेगवेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

विरोधाभास हा तर्कातला दोष आहे. त्याचे प्रसिद्ध उदाहरण आजोबांचे. नातू भूतकाळात जाऊन आजोबांना तरुणपणीच मारतो. मग वडील जन्मत नाहीत, नातूही जन्मत नाही. नातूच नसेल तर मारले कोणी? कोणीच मारले नाही तर आजोबा जिवंत, म्हणजे नातू पुन्हा जन्मला. हे चक्र कुठेच थांबत नाही.

कच्चा दुवा, ज्याला इंग्रजी समीक्षेत ‘प्लॉट होल’ म्हणतात, हा कथेने स्वतःच सांगितलेला नियम मोडल्याचा दोष आहे. पहिल्या भागात ‘भूतकाळ बदलता येत नाही’ असे सांगायचे आणि शेवटी नायिकेला वाचवण्यासाठी तो बदलायचा, हा कच्चा दुवा. त्यात तर्काचे कोडे नसते, फक्त विसंगती असते. विरोधाभास टाळण्यासाठी योग्य नियम निवडावा लागतो. कच्चा दुवा टाळण्यासाठी निवडलेला नियम प्रत्येक प्रसंगात लागू झाला की नाही, हे पाहावे लागते.

पहिला निर्णय कोणता?

लेखकाला सर्वात आधी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : मागे जाऊन केलेल्या कृतीने काय होते? या प्रश्नाची ढोबळमानाने तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर, भूतकाळ बदलतो आणि वर्तमानही त्याबरोबर बदलतो. १९८५च्या ‘बॅक टू द फ्युचर’मध्ये हेच आहे. मार्टी १९५५मध्ये जाऊन आईवडिलांच्या पहिल्या भेटीत आडवा येतो आणि त्याच्या खिशातल्या फोटोतून भावंडे एकेक करून पुसट होऊ लागतात. नाट्यासाठी ही कल्पना उत्तम आहे, कारण प्रेक्षकाला डोळ्यांसमोर घड्याळाची टिकटिक दिसते. पण सर्वाधिक कच्चे दुवेही इथेच निघतात. बदल पोहोचायला वेळ लागतो असे मानले, तर तो किती लागतो आणि कोणाला आधी लागतो, हे ठरवावे लागते. १९८९च्या दुसऱ्या भागात म्हातारा बिफ २०१५मधून १९५५मध्ये जातो, तरुण बिफच्या हाती खेळांच्या निकालांचे पुस्तक देतो आणि जसे काही झालेच नाही अशा थाटात आपल्या जुन्या २०१५मध्ये परततो. इतिहास बदलला असेल, तर परतायला ते जुने २०१५ उरले कसे? म्हातारा बिफ परतल्यावर विरून जातो असा प्रसंग चित्रित झाला होता, पण तो अंतिम चित्रपटातून वगळला गेला.

दुसरे उत्तर, भूतकाळात ढवळाढवळ केली की नवी फांदी फुटते आणि जुनी कालरेषा जशीच्या तशी राहते. इथे आजोबांचा विरोधाभास उरतच नाही, कारण मारले गेलेले आजोबा दुसऱ्या फांदीवरचे असतात. जयंत नारळीकरांच्या कथेतले प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशाच दुसऱ्या फांदीवर जाऊन पोहोचतात. तिथे पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि मराठे जिंकतात. ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने ही कथा अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकातून अनेक विद्यार्थ्यांनी वाचली आहे. नारळीकरांनी तिथे दोन्ही जग खरी ठेवली आणि पुरावा म्हणून गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान ठेवले.

फांद्यांच्या नियमात अडचण वेगळी असते. एका फांदीवर वाचवलेला माणूस मूळ फांदीवर मेलेलाच राहतो, त्यामुळे ‘मग मिळवले काय?’ हा प्रश्न उरतो. शिवाय कोण कोणत्या फांदीवर आहे, याचा हिशेब ठेवावा लागतो. २०१९च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’च्या शेवटी म्हातारा स्टीव्ह रॉजर्स बाकावर बसलेला दिसतो. तो दुसऱ्या फांदीवर आयुष्य काढून आला की याच फांदीवर लपून जगला, याबाबत चित्रपटाचे दिग्दर्शक आणि पटकथालेखक यांनी वेगवेगळी स्पष्टीकरणे दिली. नियम कागदावर पक्का नसला की असे होते.

तिसरे उत्तर, भूतकाळ बदलतच नाही. प्रवासी मागे जाऊन जे करतो, ते पहिल्यापासूनच घडलेल्या इतिहासाचा भाग असते. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांनी मांडलेले स्वयंसुसंगतीचे तत्त्व याच धर्तीचे आहे. कालप्रवास शक्य असलाच, तर फक्त परस्परांशी जुळणाऱ्या घटनाच घडू शकतात, असे ते सांगते. विरोधाभास टाळण्याच्या दृष्टीने हा नियम सर्वात कडक आहे. तरीही काहीच बदलता येत नसेल तर वाचकाने पुढे का वाचावे, ही शंका याच नियमाबद्दल सर्वात जास्त घेतली जाते. तिचे उत्तर एका लोकप्रिय कादंबरीत सापडते.

‘अझ्काबान’मधले ते तीन तास कसे जुळतात?

१९९९मध्ये आलेल्या ‘हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान’ या कादंबरीचा शेवटचा भाग कालप्रवासाचा आहे. हर्मायनीकडे टाइम-टर्नर नावाचे छोटे वाळूचे घड्याळ असते. एकाच वेळी असलेल्या दोन-दोन तासिकांना बसता यावे म्हणून ते तिला दिलेले असते. ते जितक्या वेळा फिरवावे, तितके तास माणूस मागे जातो.

वाचक हे तीन तास आधी एकदा सरळ अनुभवतो. हॅरी, रॉन आणि हर्मायनी हॅग्रिडच्या झोपडीतून बाहेर पडतात. बकबीक या प्राण्याला मृत्युदंड व्हायचा असतो. मागून पुरुषांचे अस्पष्ट आवाज येतात, मग कुऱ्हाड सपकन फिरून धप्प आदळल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ हॅग्रिडचा हंबरडा. बकबीक मेला, असे तिघेही समजतात. वाचकही समजतो. पुढे तळ्याकाठी डिमेंटर हॅरीला घेरतात तेव्हा पलीकडच्या काठावरून एक चंदेरी प्राणी धावत येऊन त्यांना पळवून लावतो. तो पाठवणारी आकृती हॅरीला आपल्या मृत वडिलांसारखी वाटते.

मग मध्यरात्रीला पाच मिनिटे असताना डंबलडोर दवाखान्याच्या दाराशी हर्मायनीला तीन वेळा घड्याळ फिरवायला सुचवतात आणि तेच तीन तास दुसऱ्या बाजूने दिसतात. समितीचे लोक झोपडीत कागदपत्रे वाचत असताना हॅरी बकबीकला सोडवून जंगलात नेतो. जल्लाद बाहेर येतो, जनावर गायब पाहून चिडतो आणि कुऱ्हाड कुंपणावर हाणतो. तोच तो धप्प आवाज. हॅग्रिड ओरडतो, पण आनंदाने. नंतर हॅरी तळ्याकाठी वडिलांची वाट पाहत लपतो. कोणीच येत नाही. पलीकडे स्वतःला मरताना पाहण्याची वेळ येते तेव्हा त्याच्या लक्षात येते, की आपण ज्याला वडील समजलो तो आपणच होतो. तो मंत्र म्हणतो.

या तीन तासांत एकही घटना बदललेली नाही. बकबीक कधी मेलाच नव्हता. पहिल्या वेळी ऐकू आलेले आवाज दुसऱ्या वेळी तसेच्या तसे येतात. बदलला आहे तो फक्त त्यांचा अर्थ. कालरेषा पक्की ठेवणाऱ्या लेखकाचे सगळे स्वातंत्र्य याच ठिकाणी असते : पात्राला जे दिसले किंवा ऐकू आले ते बदलता येत नाही, पण त्यावरून पात्राने काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

म्हणूनच पहिल्या फेरीत काय प्रत्यक्ष दाखवायचे आणि काय आडून सुचवायचे, यावर सगळे अवलंबून असते. मुलांनी बकबीकचे धड डोळ्यांनी पाहिले असते, तर त्याला वाचवण्याचा मार्गच बंद झाला असता. लेखिकेने त्यांना फक्त आवाज ऐकवला. २००४च्या चित्रपटात याच पद्धतीने आणखी एक खूण पेरली आहे. झोपडीच्या खिडकीतून कुठूनतरी एक दगड आत येतो. तो भविष्यातून आलेल्या हर्मायनीने फेकलेला असतो, हे नंतर कळते.

मग टाइम-टर्नरने सगळेच प्रश्न का सुटले नाहीत?

कादंबरीच्या आत नियम चोख असला, तरी त्या मालिकेत यंत्र शिल्लक राहिले. असे घड्याळ उपलब्ध असताना खलनायकाला लहानपणीच का रोखले नाही, असा प्रश्न मग वाचकांना पडू लागला. २००३च्या पाचव्या पुस्तकात मंत्रालयातल्या झटापटीत टाइम-टर्नरचा साठाच फुटतो. पुढे २०१६च्या ‘कर्स्ड चाइल्ड’ या नाटकात मात्र अनेक वर्षे मागे नेणारे आणि भूतकाळ बदलणारे टाइम-टर्नर आले. एकाच जगात दोन नियम झाले आणि चाहत्यांचे वाद आजही चालू आहेत.

यावरून दुसरा निर्णय समोर येतो : यंत्राला मर्यादा काय? भूतकाळ बदलतो की नाही, हा जगाचा नियम झाला. यंत्र किती मागे नेते, किती वेळा नेते आणि वापरण्याची किंमत काय, हे वेगळे ठरवावे लागते. ‘आणखी मागे का गेला नाही’ या प्रश्नाचे उत्तर इथून मिळते.

या बाबतीत सर्वात काटेकोर मानला जाणारा चित्रपट म्हणजे २००४चा ‘प्रायमर’. सुमारे सात हजार डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाला सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. लेखक-दिग्दर्शक शेन कॅरुथ यांनी गणिताची पदवी घेतलेली आणि आधी अभियंता म्हणून नोकरी केलेली. त्यांच्या कथेतले यंत्र म्हणजे माणूस झोपू शकेल एवढी पेटी. पेटी सकाळी चालू करायची आणि संध्याकाळी तिच्यात शिरायचे. सहा तास मागे जायचे असेल तर पेटीत सहा तास पडून राहायचे आणि मग सकाळी, पेटी चालू झाली त्या क्षणाला, बाहेर यायचे.

या एका रचनेतून दोन मर्यादा आपोआप येतात. पेटी चालू करण्यापूर्वीच्या काळात कोणालाच जाता येत नाही, त्यामुळे इतिहासात जाऊन राजांना भेटण्याचा प्रश्नच मिटतो. आणि जितके मागे जायचे तितके स्वतःचे वय खर्च करावे लागते, त्यामुळे प्रवास फुकट राहत नाही. पात्रे या मर्यादेतून पळवाट शोधतात आणि त्यातूनच कथेतला गुंता वाढतो, पण पळवाटही पेटीच्याच नियमांतली असते.

हे नियम नव्या कथानकावर कसे चालतात?

एक काल्पनिक कथानक घेऊन पाहू. ठिकाण मिरज, तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. सुनंदाचा तानपुऱ्यांचा कारखाना आहे. मागच्या गल्लीतल्या घराच्या माळ्यावर एक कपाट आहे, जे माणसाला मागे नेते. लेखकाने तीन नियम लिहून ठेवले आहेत. एक, भूतकाळ बदलत नाही. दोन, कपाट बरोबर दोन तास मागे नेते, कमी नाही की जास्त नाही. तीन, एका प्रवासानंतर कपाट चार्ज व्हायला बारा तास लागतात.

पहिली फेरी अशी. सुनंदाने कपाट सकाळी ६ वाजता चार्जिंगला लावले आहे, म्हणजे ते संध्याकाळी ६ वाजता तयार होणार. दुपारी ती सांगलीला गेली आहे. ५.३० वाजता परतते तेव्हा कारखाना जळून गेलेला. आजोबांचा तानपुरा ज्या खुंटीवर असायचा तिच्याखाली जळका भोपळा आणि दांडीचे कोळसे पडले आहेत. बंबावरचा जवान सांगतो, चारच्या सुमारास एका बाईचा फोन आला होता, आम्ही आलो तेव्हा आग नव्हती. नंतर त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला, तेव्हा खोडसाळपणा समजून निघायला उशीर झाला. मेन स्विच बंद होता, असेही तो सांगतो. कारागीर बाळू एवढेच म्हणतो, “ताई, लाईट गेली होती ओ.” गर्दीतला कोणीतरी म्हणतो, शॉर्टसर्किट असणार.

आता लेखकाने दोन रकाने करायचे. डाव्या बाजूला जे दिसले किंवा ऐकले ते : आग, जळका भोपळा, बाईचे दोन फोन, बंद मेन स्विच, आतली अंधारी खोली. उजव्या बाजूला लोकांनी काढलेले निष्कर्ष : आजोबांचा तानपुरा गेला, फोन खोडसाळ होता, वीज गेली होती, आग शॉर्टसर्किटने लागली. डावा रकाना आता पक्का झाला. उजव्या रकान्यातले सगळे खोटे ठरवण्याची मुभा आहे.

दुसऱ्या फेरीत सुनंदा ६ वाजता कपाटात शिरते आणि ४ वाजता माळ्यावर उतरते. शेजारच्या काकू लेकीकडे कोल्हापूरला गेल्या आहेत आणि घराची किल्ली सुनंदाकडे आहे. तिथल्या लँडलाइनवरून ती ४.०५ला अग्निशमन दलाला फोन करते. ४.१५ला बंब येतो, बाळू म्हणतो इथे काही नाही, बंब परत जातो. ४.२५ला बाळू चहाला जातो. सुनंदा आत शिरते, आजोबांचा तानपुरा काढते आणि काय होणार ते माहीत असल्याने त्या खुंटीवर एक अर्धवट तयार तानपुरा अडकवते. शॉर्टसर्किट टाळण्यासाठी ४.३०ला मेन स्विच बंद करते आणि धोका टळला असे समजून निघते. ४.३५ला बाळू परततो. आतल्या खोलीला खिडकी नाही. वीज गेली असे समजून तो मेणबत्ती लावतो. शेजारीच लाखेचे पॉलिश आणि स्पिरिटचा डबा आहे. ४.४०ला आग लागते. बाळू बाहेर पळतो आणि भीतीपोटी मेणबत्तीचा विषय काढत नाही. काकूंच्या खिडकीतून धूर पाहून सुनंदा दुसरा फोन करते, ज्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

डावा रकाना जसाच्या तसा राहिला आहे. उजवा रकाना पूर्ण उलटला आहे. आजोबांचा तानपुरा वाचला, पण आग लागली ती सुनंदाने स्विच बंद केल्यामुळे. ‘काहीच बदलत नाही’ या नियमाखालीही तिने काही कमावले आहे आणि त्याची किंमत मोजली आहे.

या कथानकात अजून कुठे भोक राहू शकते?

सर्वात आधी कपाट. सुनंदा ४ वाजता उतरते तेव्हा तेच कपाट तिच्यासमोर आहे. ते वापरून ती आणखी मागे, २ वाजेपर्यंत का जात नाही? कारण सकाळी ६ला लावलेले चार्जिंग ४ वाजता पूर्ण झालेले नाही. ते ६ वाजता होईल आणि त्या क्षणी कपाट पहिल्या फेरीतली सुनंदा वापरणार आहे. त्यानंतर पुढचे चार्जिंग दुसऱ्या दिवशी सकाळी ६ला पूर्ण होईल आणि तेव्हा मागे जाता येईल ते पहाटे ४पर्यंतच. आग त्याच्या कितीतरी आधीची. चार्जिंगचा वेळ मागे जाण्याच्या पल्ल्यापेक्षा जास्त ठेवला, की एकाच घटनेवर दुसरा प्रयत्न करता येत नाही. चार्जिंग एका तासात होत असते, तर हे कथानक पहिल्याच वाचकाने पाडले असते.

दुसरे भोक मोबाइलचे. जुन्या कालप्रवास कथांना हा प्रश्न नव्हता. सुनंदा स्वतःचा फोन घेऊन मागे गेली, तर एकाच सिमकार्डचे दोन फोन एकाच वेळी नेटवर्कवर येतात. शिवाय तिने सांगलीतल्या स्वतःलाच फोन का केला नाही, असा प्रश्न उभा राहतो. यावर तोडगा म्हणजे फोन घरीच ठेवून जाणे आणि पहिल्या फेरीत, ४.१०च्या सुमारास बसच्या गोंगाटात न उचललेला एक मिस्ड कॉल पेरून ठेवणे. तो काकूंच्या लँडलाइनचा नंबर असतो. तिने प्रयत्न केला होता, फक्त स्वतःच उचलला नव्हता.

तिसरे, तानपुरा ६ वाजेपर्यंत कुठे आहे? तो माळ्यावर ठेवला असता, तर कपाटाकडे जाणाऱ्या पहिल्या सुनंदाला दिसला असता. म्हणून तो काकूंच्या घरात. आणि काकू घरी असत्या, तर ५.३०ला गर्दीत येऊन “अगं, तू तर आत्ता माझ्याकडे होतीस” असे म्हणाल्या असत्या. म्हणून काकू कोल्हापूरला. कथेत सहज वाटणारी अनेक कारणे लेखकाने अशी भोके बुजवायला आणलेली असतात.

तपासणी कशी करायची?

कथा ज्या क्रमाने वाचकाला सांगितली जाते, त्या क्रमाने वाचून दोष सापडत नाहीत. ती दोनदा वेगळ्या क्रमाने वाचावी लागते. एकदा घड्याळाच्या क्रमाने : ४ ते ६ या दोन तासांत दोन्ही सुनंदा, बाळू, बंब आणि तानपुरा दर दहा मिनिटांनी कुठे आहेत, हे एका तक्त्यात मांडायचे. दोन रकान्यांत एकच वस्तू आली किंवा एखादी वस्तू कुठेच नाही असे दिसले, की तिथे भोक आहे. दुसऱ्यांदा प्रवाशाच्या वयाच्या क्रमाने : तिला कोणती माहिती कोणत्या क्षणी मिळाली? ४.३०ला मेन स्विच बंद करताना तिला जवानाचे ‘स्विच बंद होता’ हे वाक्य आठवायला हवे. न आठवण्याचे कारण द्यावे लागेल. गोंधळात ते तिच्या कानावरून गेले, असे पहिल्याच फेरीत दाखवावे. नाहीतर वाचक म्हणेल, ती मूर्ख आहे म्हणून कथा चालली.

याच तपासणीत उगम नसलेल्या गोष्टीही सापडतात. १९८०च्या ‘समव्हेअर इन टाइम’ या चित्रपटात एक वृद्धा नायकाला खिशातले घड्याळ देते. तो ते घेऊन १९१२मध्ये जातो आणि तरुणपणीच्या तिच्याकडेच सोडून येतो. मग ते घड्याळ बनवले कोणी? शिवाय साठ वर्षांची झीज दर फेरीत वाढत जायला हवी, म्हणजे ती वस्तू स्वतःशीच जुळत नाही. पक्क्या कालरेषेचा नियम अशा चक्राला तर्काने अडवत नाही, वस्तूची झीज मात्र अडवते. सुनंदाच्या तानपुऱ्याचा प्रश्न येत नाही, कारण तो आजोबांनी बनवला आणि सरळ पुढे गेला.

या पद्धतीच्या मर्यादा काय?

पक्क्या कालरेषेत ‘वाचेल की नाही’ ही उत्कंठा पहिल्या फेरीत जे दाखवले, त्यापलीकडे ताणता येत नाही. सुनंदाने बाळूचा मृतदेह पाहिला असता, तर त्याला वाचवण्याची गोष्ट या नियमात लिहिता आली नसती. ती लिहायची असेल तर बदलणारा भूतकाळ किंवा फांद्या यांपैकी एक नियम घ्यावा लागेल आणि त्यांचे प्रश्न सोडवावे लागतील. दुसरे, पात्रांच्या हातात खरेच काही होते का, हा प्रश्न या नियमात कायम राहतो. हॅरीने तळ्याकाठी मंत्र म्हणायचे नाकारले असते तर? नियम म्हणतो, तसे घडलेच नाही. काही वाचकांना हे उत्तर पुरत नाही आणि त्यात भर घालायला लेखकाकडे काही नसते. तिसरे, नियम वाचकाला कधी कळतात, यालाही महत्त्व आहे. कपाटाला चार्जिंगला बारा तास लागतात हे आगीनंतर सांगितले, तर ती पळवाट वाटते. तेच आगीपूर्वी, सकाळी ६ वाजता सुनंदा कपाटाचा दिवा पाहून चहा ठेवते तेव्हा सहज सांगितले, तर तो नियम ठरतो.